दहावी अधिक पंधरा वर्षं

बँकेच्या क्लार्कभरतीची जाहिरात वाचताना बहुतेकांची नजर शैक्षणिक पात्रतेच्या पहिल्याच वाक्यावर थांबते : मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी. दहावीनंतर फौजेत गेलेला आणि अठरा-एकोणीस वर्षांनी गावी परतलेला माणूस तिथेच जाहिरात मिटून ठेवतो. खरं तर त्याच्याविषयीचा मजकूर त्याच जाहिरातीत थोडा पुढे, बारीक टायपात असतो. दहावी झालेला, सैन्याचं विशेष शिक्षण प्रमाणपत्र मिळवलेला आणि सशस्त्र दलात किमान १५ वर्षं काढलेला माजी सैनिकही या पदाला पात्र आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. नौदल आणि हवाई दलाची तशीच प्रमाणपत्रंही चालतात.

देशात दरवर्षी साधारण ६० हजार जण सैन्यदलांतून निवृत्त होतात. त्यांत अधिकारी थोडे. बाकी शिपाई, नाईक, हवालदार आणि जेसीओ. पस्तिशी-चाळिशीत हातात पेन्शन असते, पण मुलं शाळेत असतात, घराचं कर्ज डोक्यावर असतं आणि पुढची वीस वर्षं काम करण्याची ताकदही असते. फौजेनं त्यांना ट्रक चालवायला, जनरेटर दुरुस्त करायला, वायरलेस सांभाळायला, भांडाराचा हिशोब ठेवायला शिकवलेलं असतं. ते शिक्षण बाहेर कोणत्या कागदाच्या रूपात ओळखलं जातं, यावर त्या वीस वर्षांचं बरंच काही ठरतं. त्या कागदांपैकी सगळ्यांत जास्त कामाचा, आणि सगळ्यांत जास्त गैरसमज झालेला कागद म्हणजे जवान ज्याला ‘ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट’ म्हणतात तो.

त्याचं मूळ केंद्र सरकारच्या १९७९ सालच्या माजी सैनिक पुनर्नियुक्ती नियमांत आणि १९८६ साली त्यात झालेल्या बदलात आहे. माजी सैनिकांसाठी राखीव असलेल्या गट ‘क’च्या जागेला पदवीची अट असेल, तर दहावी पास आणि १५ वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला पात्र धरता येतं, असं हा नियम सांगतो. मात्र पुढे एक अट आहे. त्या पदासाठी तांत्रिक किंवा व्यावसायिक स्वरूपाचा अनुभव अत्यावश्यक नसावा. तांत्रिक नसलेला अनुभव मागितला असेल, तर थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणानंतर हा माणूस ते काम करू शकेल, अशी नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटायला हवी. निवृत्तीच्या वेळी रेकॉर्ड ऑफिसकडून मिळणारं प्रमाणपत्र याच नियमावर उभं असतं.

म्हणजे हा कागद विद्यापीठाची पदवी देत नाही. ठरावीक जागांसाठी पदवीची अट पूर्ण झाली असं मानण्याची परवानगी तो देतो. हा फरक कळला नाही की पुढे वर्षं वाया जातात. या कागदावर एलएलबीला, बीएडला किंवा एमबीएला प्रवेश मिळत नाही, कारण विद्यापीठाला विद्यापीठाचीच पदवी लागते. बँकेत क्लार्क होता येतं, पण त्याच बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षेला बसता येत नाही. ते अधिकारी पद आहे, तिथे माजी सैनिकांना राखीव जागा नाहीत आणि खरी पदवी लागते. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर पातळीच्या परीक्षेतही तसंच आहे. टॅक्स असिस्टंट किंवा ऑडिटर यांसारख्या गट ‘क’च्या पदांना हे समकक्षत्व उपयोगी पडतं; संख्याशास्त्र हा विषय पदवीला असलाच पाहिजे अशी अट असलेल्या पदाला पडत नाही.

महाराष्ट्र शासनानंही आपल्या भरतीत जवळपास हीच तरतूद ठेवली आहे. तलाठीपदाला पदवी लागते, तरी १५ वर्षं सेवा झालेला दहावी पास माजी सैनिक त्या भरतीत अर्ज करू शकतो. राज्यात गट ‘क’ आणि ‘ड’ मध्ये माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात ते गट ‘क’ मध्ये १० टक्के आहे. समांतर आरक्षण याचा अर्थ माजी सैनिकाची निवड झाली की तो आपापल्या सामाजिक प्रवर्गाच्या जागेत मोजला जातो. त्यामुळे जातीचा दाखला, जात वैधता आणि गरजेप्रमाणे नॉन-क्रिमिलेअर ही कागदपत्रं त्यालाही इतरांसारखीच लागतात. दोन दशकं सीमेवर घालवलेल्या माणसाच्या फाइलमध्ये नेमकी हीच कमी असतात.

वयाचं गणित मात्र बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, आणि ते एकदा नीट मांडून पाहायला हवं. सातारा जिल्ह्यातला एक मुलगा दहावी होऊन एकोणिसाव्या वर्षी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे एएससीमध्ये, ड्रायव्हर म्हणून भरती झाला, असं समजू. १९ वर्षं नोकरी करून तो ३८ व्या वर्षी पेन्शनवर घरी आला. क्लार्कपदासाठी सर्वसाधारण कमाल वय २८ आहे. केंद्राच्या पद्धतीनं त्याच्या खऱ्या वयातून सेवेची वर्षं वजा करायची : ३८ वजा १९, म्हणजे १९. हे उरलेलं वय कमाल मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त नसलं की झालं. २८ अधिक ३ म्हणजे ३१. आपल्या या नाईकाचं हिशोबी वय १९ आहे, म्हणजे त्याच्या हातात आणखी १२ वर्षं आहेत. पन्नाशीपर्यंत तो अर्ज करू शकतो. बँकांच्या क्लार्कभरतीत माजी सैनिकांना ५० वर्षांची अंतिम मर्यादा असतेच, आणि त्याचा हिशोब योगायोगानं तिथेच येऊन थांबतो. जिथे कमाल वय २५ आहे अशा पदाला तो ४७ पर्यंत चालतो. ‘आता वय गेलं’ हे वाक्य माजी सैनिकांच्या घरात फार लवकर बोललं जातं. वरचं गणित कागदावर केलं तर ते बहुतेक वेळा खोटं ठरतं.

वय आणि शिक्षणाची अट पार केल्यावर परीक्षा उरतेच. पूर्वपरीक्षेत इंग्रजी, अंकगणित आणि बुद्धिमत्ता चाचणी असे तीन भाग, १०० गुण आणि एक तास. इथे कुठलंही समकक्षत्व नाही. इंग्रजीशी संबंध सुटून वीस वर्षं झालेल्या माणसाला सगळ्यांत जड जातो तो हा तास. तरीही बँकांच्या क्लार्कभरतीत १४.५ टक्के जागा माजी सैनिक आणि त्यांच्याशी संबंधित गटांसाठी आहेत. शिवाय उमेदवाराला त्या राज्याची भाषा यावी लागते, आणि महाराष्ट्रातल्या शाखांसाठी मराठी माणसाला ती अडचण नाही.

अर्ज बाद होतात ते बहुधा परीक्षेनंतर, कागदपत्रांच्या तपासणीत. एक नेहमीचं कारण म्हणजे तारीख. जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत १५ वर्षं पूर्ण झालेली हवीत आणि शिक्षणाचं प्रमाणपत्रही त्या तारखेच्या आतलं हवं. निकाल लागल्यावर धावपळ करून आणलेला कागद चालत नाही. दुसरं कारण नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव मधे आहे, डिस्चार्ज बुकावर आडनावच नाही, आधारवर स्पेलिंग तिसरंच. नोकरीत असताना ही दुरुस्ती युनिटमार्फत होते. क्लार्क ‘पार्ट टू ऑर्डर’ काढतो, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि नोंद बदलते. गणवेश उतरल्यावर तेच काम प्रतिज्ञापत्र, राजपत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि बेळगाव, खडकी किंवा बेंगळुरूच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, असं फिरत राहतं. भरतीची मुदत त्यासाठी थांबत नाही. म्हणून निवृत्तीच्या आधीच्या वर्षात आपलं डिस्चार्ज बुक कसं तयार होतंय, यावर जवानानं स्वतः लक्ष ठेवलं पाहिजे. ट्रेड, शिक्षण, चारित्र्याचा शेरा, वैद्यकीय श्रेणी या सगळ्या नोंदी त्यात असतात आणि पुढे प्रत्येक खिडकीवर तेच पुस्तक उघडलं जातं.

त्या शेवटच्या वर्षाला आणखीही महत्त्व आहे. सेवेची मुदत संपायला एक वर्षाहून कमी काळ उरलेला जवान केंद्राच्या राखीव जागांना नोकरीत असतानाच अर्ज करू शकतो. याच काळात संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम करता येतात, आणि जवान-जेसीओंना त्यांची फी भरावी लागत नाही. अडचण एकच, की अभ्यासक्रम निवडताना बहुतेक जण घराजवळचं केंद्र बघतात. शेवटचे काही महिने घरच्यांसोबत जातील, हा विचार माणसाचा आहे आणि तो समजून घ्यायला हवा. पण त्या प्रमाणपत्राच्या आधारावर कोणती नोकरी मागता येते, हे विचारायचं राहून जातं.

आता आपला नाईक ड्रायव्हर होता, त्याकडे वळू. एकोणीस वर्षं त्यानं स्टॅलियन ट्रक आणि इंधनाचे टँकर लडाखच्या घाटांतून नेले. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी तो साताऱ्याच्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याचा ट्रक कायद्यानं चालवू शकतो का? फक्त मिलिटरी लायसन्स असेल तर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८ खाली दिलेलं हे लायसन्स देशभर चालतं, पण केवळ संरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या सरकारी वाहनांपुरतं. तसं त्या कलमातच लिहिलं आहे.

याच कायद्यानं दुसऱ्या हातानं सवलतही दिली आहे. कलम ९ म्हणतं की ज्याच्याकडे कलम १८ खालचं लायसन्स आहे किंवा पूर्वी होतं, त्याला त्याच वर्गाच्या वाहनासाठी आरटीओत ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. इथे ‘त्याच वर्गाच्या’ या शब्दांवर सगळं अवलंबून आहे. मिलिटरी लायसन्सवर अवजड वाहनाची नोंद असेल तर अवजडाची टेस्ट माफ. फक्त हलक्या वाहनाची असेल तर हलक्याचीच. माणूस प्रत्यक्षात दहा वर्षं टँकर चालवत होता, हे आरटीओतल्या कारकुनाला कागदावर दिसायला हवं. म्हणून युनिट सोडण्याआधी लायसन्सची प्रमाणित प्रत आणि कोणती वाहनं किती वर्षं चालवली याचा दाखला घेऊन ठेवणं शहाणपणाचं. ही सवलत माहीत नसलेले कितीतरी माजी सैनिक ड्रायव्हिंग स्कूलची फी भरून ट्रक शिकायला बसतात, आणि ज्याच्याकडे शिकतात त्याच्यापेक्षा त्यांना जास्त येत असतं.

टेस्ट माफ झाली तरी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतंच. वाहतुकीच्या वाहनाचं लायसन्स पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतं. एसटीत किंवा शाळेच्या बसवर जायचं तर प्रवासी वाहनासाठीचा बॅज वेगळा काढावा लागतो, कारण फौजेतली माणसं वाहून नेणं आणि तिकीट काढलेले प्रवासी नेणं या कायद्याच्या लेखी वेगळ्या गोष्टी आहेत. आणि मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून पेट्रोलचा टँकर भरायचा असेल तर धोकादायक मालाची नोंद लायसन्सवर हवी. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. लेहला इंधन पोचवलेल्या माणसाला हे अपमानास्पद वाटू शकतं. पण खर्च आणि वेळ पाहता हा सगळा अभ्यासक्रम तीन दिवसांचा आहे, आणि त्यानंतर टँकरचालकाला साध्या ट्रकचालकापेक्षा चांगला भाव मिळतो. माजी सैनिकाच्या वाट्याला येणाऱ्या प्रमाणपत्रांत इतक्या कमी कष्टात इतका फरक पाडणारं दुसरं क्वचितच असेल.

मग इतके माजी सैनिक सोसायटीच्या आणि कारखान्याच्या गेटवर का दिसतात? पेन्शनला जोड हवी, गावाजवळ राहायचंय, ओळखीतून काम मिळतं, ही कारणं आहेतच. पण एक कारण कायद्यातही आहे. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्याखालच्या आदर्श नियमांनुसार नव्या सुरक्षारक्षकाला किमान २० कामकाजाचे दिवस, १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानात शिकावं लागतं. माजी सैनिकाला त्याऐवजी सात दिवस पुरतात : ४० तास वर्ग, १६ तास मैदान. संस्थांनी माजी सैनिकांना प्राधान्य द्यावं, असंही कायदा सुचवतो. पुण्यातलं महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, सरकारी आणि खासगी आस्थापनांना असे रक्षक पुरवतं. फौजेतली वर्षं इथे सगळ्यांत सहज आणि सगळ्यांत कमी कागदांवर मोजली जातात, म्हणून माणसं तिथे जातात. रेडिओ दुरुस्त करणारा सिग्नलमन आणि जनरेटर चालवणारा सॅपर यांच्यासाठी ती वाट जवळची असली, तरी त्यांच्या हातातलं कसब तिथे पूर्णपणे वाया जातं, आणि हे नुकसान त्यांच्याइतकंच त्यांना कामावर ठेवू शकणाऱ्या कारखान्यांचंही आहे.

सरकारी नोकरीच्या बाबतीत एक सापळा सांगायलाच हवा, कारण त्यात चांगली चांगली माणसं अडकतात. माजी सैनिकाचं आरक्षण केंद्रात एकदाच वापरता येतं. एखादा हवालदार घाईत मल्टी टास्किंग स्टाफ म्हणून रुजू झाला आणि नंतर क्लार्कची जाहिरात आली, तर वयाची सवलत त्याला मिळत राहते, पण राखीव जागेवरचा हक्क संपलेला असतो. २०१४ साली यात एक खिडकी उघडली गेली. पहिल्या नोकरीत रुजू होण्यापूर्वी ज्या ज्या जागांसाठी अर्ज केले होते, त्यांची तारीखवार यादी रुजू झाल्याबरोबर स्वयंघोषणेनं नव्या कार्यालयाला दिली, तर त्या अर्जांपुरता माजी सैनिकाचा हक्क शाबूत राहतो. ही यादी सहा महिन्यांनी आठवून दिली तर उपयोग नाही. खासगी कंपनीतली किंवा कंत्राटी नोकरी मात्र यात धरली जात नाही, त्यामुळे गेटवर उभं राहून परीक्षेची तयारी करणाऱ्याचा हक्क कुठेही जात नाही.

नौदलाची गोष्ट वेगळी आहे, आणि मुंबईशी तिचा थेट संबंध आहे. मुंबईत कार्यालय असलेलं नौवहन महासंचालनालय आणि भारतीय नौदल यांनी जुलै २०२० मध्ये एक योजना जाहीर केली. नौदलाच्या अधिकाऱ्यांना आणि नाविकांना व्यापारी जहाजांवर काम करण्यासाठी लागणारी आंतरराष्ट्रीय दर्जाची प्रमाणपत्रं तिच्यातून मिळवता येतात. युद्धनौकेवरची समुद्रसेवा त्यात मोजली जाते. कमी पडणारे अभ्यासक्रम, परीक्षा आणि काही बाबतींत व्यापारी जहाजावरचा थोडा अनुभव वरून जोडावा लागतो. ही रचना बाकीच्या ट्रेडसाठी आदर्श म्हणून बघण्यासारखी आहे. दहावी अधिक १५ वर्षांचा नियम सगळ्या ट्रेडना एकाच मापानं मोजतो : स्वयंपाकी, गनर आणि इलेक्ट्रिशियन सारखेच ‘पदवीधर’ होतात, पण इलेक्ट्रिशियनला इलेक्ट्रिशियन म्हणून त्यातून काहीच मिळत नाही. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदाला आयटीआयचं प्रमाणपत्र लागतं आणि ते पद तांत्रिक आहे, त्यामुळे तिथे हा नियम पोचतच नाही. नाविकाला मात्र कोणी ‘पदवीधर’ म्हणत नाही. त्याला नेमकं काय येतं आणि काय शिकायचं राहिलंय, ते मोजलं जातं.

२०२२ च्या जूनमध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनंतर हा सगळा हिशोब नव्यानं मांडावा लागणार आहे. अग्निवीराची सेवा चार वर्षांची. पंधरा वर्षांचा नियम त्याला लागू होण्याचा प्रश्नच नाही, पेन्शनही नाही. पहिल्या तुकडीतले जे नियमित सेवेत घेतले जाणार नाहीत, ते २०२६-२७ मध्ये बाहेर पडतील, तेव्हा ते बाविशी-पंचविशीत असतील. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी २०२२ मध्ये १० टक्के आरक्षण जाहीर झालं होतं. दहावीवर भरती झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून बारावीचं प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे. आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानं त्यांच्यासाठी तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आखला आहे, ज्यात निम्मे श्रेयांक सेवेतल्या तांत्रिक प्रशिक्षणाचे धरले जातात आणि उरलेले निम्मे नेहमीच्या विषयांचे असतात.

या पदवीला विद्यापीठाची पदवी म्हणून पुढच्या शिक्षणाची दारं उघडतात, जी जुन्या समकक्षतेला कधी उघडली नाहीत. पण निम्मे श्रेयांक फौजेनं दिले तरी उरलेल्या निम्म्यांसाठी नावनोंदणी, अभ्यास आणि परीक्षा त्या मुलालाच करायची आहे, तीही गस्त, पोस्टिंग आणि सराव सांभाळून. गावातल्या ज्या घरांतून असे मुलगे गेले आहेत, त्यांनी सुट्टीवर आलेल्या मुलाला नावनोंदणी झाली का आणि किती श्रेयांक जमा झाले, हे आत्ताच विचारून घ्यायला हवं. युनिटमधून निघताना कौशल्य प्रमाणपत्र, बारावीचा दाखला आणि विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक हे तिन्ही हातात असलेला मुलगा आणि नुसता सेवानिधीचा चेक घेऊन आलेला मुलगा, यांना पुढच्याच महिन्यात निघालेली जाहिरात वेगवेगळी वाचावी लागेल.